क्लासचं डिजिटल प्रमाणपत्र: आधी रजिस्टर, मग कोड, मग पीडीएफ

तालुक्याच्या गावातल्या एका अकाउंटिंग क्लासचं संगणकाचं काम मी बघत होतो, तेव्हाची गोष्ट. एका सीएच्या ऑफिसातून फोन आला. तुमच्याकडे टॅली केलेली एक मुलगी मुलाखतीला आली आहे, प्रमाणपत्र क्रमांक १४७, खरं आहे ना? सरांनी जुन्या वह्या काढल्या. पान सापडायला पाऊण तास गेला. १४७ क्रमांक होता, कोर्स तोच, तारीखही तीच. "हो, आमचंच आहे," असं म्हणून सर फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी सहज मुलीचं नाव विचारलं. वहीत १४७ समोर एका मुलाचं नाव होतं.

कोणीतरी कोणाची तरी पीडीएफ घेऊन त्यातलं नाव बदललं होतं. सही खरी, शिक्का खरा, क्रमांक खरा. बनावट फक्त नाव. आणि "क्रमांक खरा आहे का?" या प्रश्नाचं उत्तर "हो" असंच येत होतं.

टॅली, टायपिंग, शिवण, मोबाइल दुरुस्ती असले क्लास चालवणारे मला विचारतात, की प्रमाणपत्रावर क्यूआर टाकून द्या म्हणजे काम झालं ना? नाही होत. वरच्या प्रकरणात क्यूआर असता आणि स्कॅन केल्यावर "प्रमाणपत्र वैध आहे" एवढंच दिसलं असतं, तर ती मुलगी आणखी सहज पास झाली असती. म्हणून क्यूआरचा विचार शेवटी करायचा. सुरुवात रजिस्टरापासून.

छेडछाड थांबत नाही, उघडी पडते

पीडीएफमध्ये बदल करणं कोणालाच अशक्य करता येत नाही. "एडिट करू नये" असा पासवर्ड लावलेली पीडीएफ फुकटच्या वेबसाइटवर मिनिटभरात मोकळी होते. शिवाय पीडीएफ हवीच कशाला? स्क्रीनशॉट काढून त्यावर दुसरं नाव चिकटवलं तरी फोनवर पाहणाऱ्याला कळत नाही. होलोग्रामचं चित्र, पाण्याचा ठसा, बारीक नक्षी हे सगळं कागदावर ठीक. पडद्यावर ते फक्त चित्र असतं आणि चित्राची नक्कल होते.

तेव्हा "छेडछाड न होणारं प्रमाणपत्र" याचा खरा अर्थ असा, की मूळ नोंद क्लासच्या ताब्यात सुरक्षित आहे आणि समोरच्याच्या हातातली प्रत कोणीही, कधीही, तुम्हाला फोन न करता त्या नोंदीशी ताडून पाहू शकतो. पीडीएफ ही नुसती प्रत.

पहिली पायरी: रजिस्टरात काय लिहायचं

शंभर-दोनशे विद्यार्थ्यांचा क्लास असेल तर साधी एक्सेल फाइलही चालते. वाढला की डेटाबेस घ्या. दोन्हीकडे रकाने तेच.

सगळ्यात जास्त भांडणं नावावरून होतात, म्हणून नावाला वेळ द्या. नाव दोन रकान्यांत लिहा, एकात देवनागरी आणि दुसऱ्यात इंग्रजी स्पेलिंग. स्पेलिंग विद्यार्थ्याने तोंडी सांगितलेलं नको, दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसं. जाधव हे आडनाव विदर्भात कितीतरी घरांत शेवटी o लावून लिहितात आणि बाकीच्यांकडे v लावून. फॉर्म भरणाऱ्या मुलाने सवयीने v टाकला की दोन वर्षांनी नोकरीच्या कागदपत्र तपासणीत ते प्रमाणपत्र "दुसऱ्याचं" ठरतं. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, आडनाव आधी की शेवटी, लग्नानंतरचं नाव आहे का, हेही जसं कागदावर तसंच. आणि शेजारी एक रकाना: नाव कोणत्या कागदावरून घेतलं. "दहावी गुणपत्रिका पाहिली" एवढं पुरे. त्या कागदाचा क्रमांक लिहायची गरज नाही.

आधार क्रमांक तर मुळीच नको. काही क्लास प्रमाणपत्रावरच आधार छापतात, म्हणजे अधिक "सरकारी" वाटतं म्हणे. आधार क्रमांक असा चारचौघांत उघड करायला आधार कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे, आणि तुमच्या पडताळणीला त्याचा काडीचा उपयोग नाही. सारख्या नावाची दोन माणसं वेगळी ओळखण्यासाठी जन्मतारीख ठेवा. तीसुद्धा आतल्या रजिस्टरात, छापायची नाही.

दुसरी गोष्ट कोर्सची. रजिस्टरात "टॅली" एवढंच लिहिलेलं मी शेकडो ठिकाणी पाहिलं आहे. पण कोणतं टॅली? जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला. त्याआधी शिकलेल्याला व्हॅट आणि सेवाकर शिकवला होता. २०२० च्या नोव्हेंबरात टॅलीप्राइम आलं आणि त्याआधीच्या ईआरपी ९ चा पडदाच बदलला. नोकरी देणाऱ्याला नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं. म्हणून कोर्सचं नाव, कोणती आवृत्ती शिकवली आणि अभ्यासक्रमाचा तुमचा स्वतःचा क्रमांक, असे तीन रकाने ठेवा. अभ्यासक्रम बदलला की नवा क्रमांक द्या आणि जुन्या अभ्यासक्रमाचं पान फेकू नका. सोबत एकूण तास लिहा. "तीन महिन्यांचा कोर्स" म्हणजे रोज दोन तास की आठवड्यातून दोनदा, हे महिन्यांवरून कळत नाही. ९० तास म्हटलं की कळतं. वर्ग प्रत्यक्ष होते की ऑनलाइन, हेही लिहा.

तारखा चार असतात आणि लोक एकच लिहितात. सुरू झाल्याची, संपल्याची, परीक्षेची आणि प्रमाणपत्र दिल्याची. मुलं कोर्स संपल्यावर सहा-सहा महिन्यांनी प्रमाणपत्र न्यायला येतात. फक्त दिल्याची तारीख नोंदवली तर बायोडेटात लिहिलेल्या काळाशी ती जुळत नाही आणि खरं प्रमाणपत्र संशयात सापडतं.

निकालाच्या रकान्यात "ए ग्रेड" एवढंच नको. ७८ पैकी की १०० पैकी, आणि ए म्हणजे किती, हे दहा वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही. मिळालेले गुण, एकूण गुण आणि त्या वेळची श्रेणी असं लिहा. परीक्षाच न घेता फक्त हजेरीवर प्रमाणपत्र देत असाल तर तसं स्पष्ट लिहा: "कोर्स पूर्ण केला" आणि "परीक्षा उत्तीर्ण" ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत.

बाकीचे रकाने पटकन सांगतो: शाखा, शिकवणाऱ्याचं नाव, मंजुरी कोणी दिली, पडताळणी कोड, ऑफिसचा अनुक्रमांक, नोंदीची स्थिती (चालू, बदललेलं, रद्द), आणि पीडीएफचा हॅश. हॅश म्हणजे काय ते पुढे येईल.

एक सूचना, जी कोणाला आवडत नाही. "शासनमान्य" हा शब्द रजिस्टरात ज्या मान्यतेचा क्रमांक आणि मुदत लिहिता येते, तेवढ्यापुरताच वापरा. दुकान म्हणून किंवा उद्यम नोंदणी केली म्हणजे कोर्सला मान्यता मिळाली असं होत नाही. पडताळणीचं पान हे तुमचं जाहीर विधान असतं. तिथे लिहिलेलं खोटं कोणीही दाखवू शकतो.

दुसरी पायरी: कोड

ऑफिसला १, २, ३ असा अनुक्रमांक लागतो, तो ठेवा. पण पडताळणीचा कोड म्हणून तो वापरू नका. पत्त्यात १४७ टाकल्यावर एक विद्यार्थी दिसत असेल तर १४८ टाकल्यावर दुसरा दिसणारच. एखादा रिकामटेकडा एका दुपारी तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांची यादी उतरवून घेईल, आणि शेजारचा क्लास त्यांना दुसऱ्या दिवशी फोन लावेल. वर्ष, शाखा आणि क्रमांक जोडून केलेला कोडही तसाच ओळखता येतो.

कोड यादृच्छिक हवा, म्हणजे सोडतीतल्या चिठ्ठीसारखा, मागच्यावरून पुढचा न सांगता येणारा. आणि तो फोनवर सांगताना चुकू नये. ओ आणि शून्य, आय, एल आणि एक यांत हमखास घोळ होतो, म्हणून इंग्रजीतली I, L, O आणि U ही चार अक्षरं वगळायची. उरतात २२ अक्षरं आणि १० अंक, एकूण ३२ चिन्हं. त्यांतली आठ घेतली की साधारण १.१ लाख कोटी कोड बनतात. समजा तुम्ही ५,००० प्रमाणपत्रं दिली, तर अंदाजाने टाकलेला कोड लागण्याची शक्यता सुमारे २२ कोटींत एक. क्लासला एवढं भरपूर झालं.

```python
import secrets
AKSHARE = "0123456789ABCDEFGHJKMNPQRSTVWXYZ"
code = "".join(secrets.choice(AKSHARE) for _ in range(8))
print(code[:4] + "-" + code[4:])
```

हे चालवलं की `7K3M-9QTX` असा काहीतरी कोड मिळतो. इथे `secrets` वापरलं आहे, `random` नाही. `random` खेळांसाठी ठीक, त्याचे पुढचे आकडे जाणकाराला काढता येतात. मधली रेघ फक्त वाचायला सोपं जावं म्हणून. पडताळणीच्या पानावर कोणी रेघ न टाकता, लहान अक्षरांत किंवा शून्याच्या जागी O टाकून कोड लिहिला तरी तो समजून घेतला पाहिजे. प्रोग्रामरला एवढं आठवणीने सांगा, नाहीतर "तुमचा कोड चालत नाही" असे फोन रोज येतील.

एक्सेलवाल्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवतो. रेघ न लावता `30127E45` असा कोड रकान्यात टाकला तर एक्सेल त्याला प्रचंड मोठी संख्या समजून `3.0127E+49` करून टाकतो. मूळ कोड गेला, परत येत नाही. नुसते अंकच आले तर सुरुवातीची शून्यं खातो. कोडचा रकाना आधी "Text" करा, मग त्यात कोड भरा. उलट क्रमाने केलं तर उपयोग नाही.

तिसरी पायरी: पडताळणीचं पान

पान स्वतःच्या डोमेनवर हवं, `https://example.com/v/7K3M9QTX` अशा छोट्या पत्त्याचं. फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या काही सेवा क्यूआरमध्ये तुमचा पत्ता न टाकता त्यांचा स्वतःचा पत्ता टाकतात आणि तिथून तुमच्याकडे पाठवतात. चाचणीची मुदत संपली की तो दुवा बंद. एका क्लासची दीडशे छापील प्रमाणपत्रं अशी एका सकाळी मुकी झाली. क्यूआर बनवल्यावर स्वतः स्कॅन करून बघा: पडद्यावर उघडण्याआधी जो पत्ता दिसतो, तो अक्षरशः तुमचाच असला पाहिजे.

आता पानावर काय दाखवायचं. नाव (दोन्ही लिप्यांत), कोर्स आणि आवृत्ती, तास, चारही तारखा, निकाल आणि नोंदीची स्थिती. आणि ठळक अक्षरांत एक ओळ: "ही माहिती हातातल्या प्रमाणपत्राशी ताडून पाहा. फरक असेल तर हातातलं प्रमाणपत्र ग्राह्य धरू नका." हिरवी बरोबरची खूण मोठी करून टाकायचा मोह टाळा. खूण मोठी असली की माणूस खालचं वाचत नाही, आणि नाव बदलणाऱ्याला तेच हवं असतं.

मोबाइल नंबर, जन्मतारीख, पत्ता, फोटो पानावर नको. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याचा रोखच असा आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्यापुरतीच ती वापरायची. प्रवेशाच्या फॉर्मवरच एक ओळ छापून सही घ्या, की प्रमाणपत्राचा तपशील कोड असणाऱ्याला पाहता येईल. त्या कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती "बालक" धरली आहे, त्यामुळे दहावीच्या सुट्टीत आलेल्या मुलांच्या फॉर्मवर पालकांची संमती लागेल. पानाला `noindex` लावायला सांगा, म्हणजे विद्यार्थ्याचं नाव गुगलवर टाकलं की हे पान वर येणार नाही.

फसवणुकीचा आणखी एक प्रकार इथेच होतो. बनवणारा तुमच्यासारखं दिसणारं पान दुसऱ्या डोमेनवर उभं करतो आणि बनावट प्रमाणपत्रावर त्या पानाचा क्यूआर छापतो. स्कॅन केलं की सगळं अगदी जुळतं! यावर तांत्रिक उपाय नाही. तुमचा खरा पत्ता लोकांना इतर ठिकाणांहून माहीत असणं, एवढाच उपाय. तो क्लासच्या पाटीवर, पावतीवर आणि गुगल मॅपवरच्या नोंदीत सारखाच असू द्या, आणि क्यूआरखाली अक्षरांत छापा: "क्यूआर स्कॅन न करता हा पत्ता स्वतः टाईप करून कोड तपासा." मनुष्यबळ विभागातली मुरलेली माणसं तसंच करतात.

आणि डोमेनचं नूतनीकरण. ते ज्या मुलाने वेबसाइट बनवली त्याच्या ईमेलवर नको, क्लासच्या नावावर हवं, शक्यतो पाच-दहा वर्षांचं एकदम भरून. डोमेन सुटलं तर जुनी प्रमाणपत्रं मुकी होतातच, शिवाय ते डोमेन दुसरा कोणी विकत घेऊ शकतो, आणि मग तुमच्याच क्यूआरवर त्याला हवं ते दिसेल.

चौथी पायरी: डिजिटल सही आणि हॅश

हे ऐच्छिक, पण परवडत असेल तर करा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे परवानाधारक संस्था डिजिटल सही प्रमाणपत्र देतात. जीएसटी भरणाऱ्यांच्या ऑफिसात जो छोटा यूएसबी टोकन असतो, तोच. त्याने पीडीएफवर सही केली की त्यानंतर फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सही तुटल्याचं पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर सांगतं. सही करताना टाइमस्टॅम्पही घ्या. टोकनची मुदत एक ते तीन वर्षांची असते आणि प्रमाणपत्र त्याहून जास्त जगतं.

पण दोन मर्यादा लक्षात ठेवा. एक, फाइल छापली किंवा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की डिजिटल सही उरत नाही, तिचं फक्त चित्र उरतं. म्हणून विद्यार्थ्याला पीडीएफ "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. दोन, खरी सहीसुद्धा पुष्कळ फोनांवर `Validity Unknown` आणि पिवळं प्रश्नचिन्ह दाखवते, जसं डाउनलोड केलेल्या आधारवर दिसतं. याचा अर्थ सही खोटी असा नाही; सही देणाऱ्या संस्थेवर त्या सॉफ्टवेअरने अजून विश्वास ठेवलेला नाही, एवढाच. हे समजावत बसायला नको म्हणून कोड लागतोच.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. विंडोजवर ही आज्ञा दिली की ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. ती रजिस्टरात चिकटवा:

```
certutil -hashfile pramanpatra.pdf SHA256
```

उद्या कोणी पीडीएफ पाठवून "ही तुमचीच का?" विचारलं, तर त्या फाइलचा हॅश काढा. तंतोतंत जुळला तर तीच फाइल. एक चूक सगळे करतात: आधी हॅश काढतात आणि मग सही करतात. सही केली की फाइल बदलते, म्हणून हॅश पुढे कधीच जुळत नाही. आधी सही, मग हॅश, मग पाठवणं. न जुळणं म्हणजे लगेच बनावट असंही नाही. कोणी फोनवर उघडून "सेव्ह ॲज" केलं किंवा आकार कमी केला तरी हॅश बदलतो. अशा वेळी पुन्हा कोडवर या आणि मजकूर ताडा.

काही जण फाइलऐवजी नाव-कोर्स-तारखेच्या मजकुराचा हॅश काढतात. मराठी नावांना ते महागात पडतं. "गोऱ्हे" मधला ऱ्ह दोन पद्धतींनी टाईप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. हॅश वेगळा येतो आणि खऱ्या गोऱ्ह्यांचं प्रमाणपत्र खोटं ठरतं. फाइलचाच हॅश काढा.

दुरुस्ती आली की

जाधवांच्या v आणि o कडे परत येऊ. समजा ती विद्यार्थिनी दोन वर्षांनी गुणपत्रिका घेऊन आली, स्पेलिंग चुकलेलं आहे. रजिस्टरातली जुनी ओळ उघडून v चा o करणं सगळ्यात सोपं, आणि तेच करायचं नाही. तसं केलं तर तिने आधी कुठे दिलेली जुनी प्रत आता नोंदीशी जुळणार नाही, आणि तिच्यावरच बनावटीचा ठपका येईल. शिवाय ज्याच्या हातात रजिस्टर तो नावं बदलू शकतो, हे एकदा मान्य केलं की त्या रजिस्टराला किंमत काय उरली?

त्याऐवजी नवी ओळ, नवा कोड, नवी पीडीएफ. प्रमाणपत्र दिल्याची तारीख आजची, कोर्सच्या आणि परीक्षेच्या तारखा मूळच्या. जुन्या ओळीची स्थिती "बदललेलं" करा आणि कारण लिहा: "इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुरुस्ती, गुणपत्रिका पाहिली", तारीख, कोणी केली. जुना कोड तपासला की पानावर जुना तपशील आणि "या प्रमाणपत्राऐवजी दुरुस्त प्रमाणपत्र दिले आहे" अशी ओळ दिसावी. नव्या कोडचा दुवा तिथे देऊ नका. तो देणं तिच्या मर्जीवर. प्रमाणपत्र रद्द करायची वेळ आली, तरी ओळ पुसायची नाही. "नोंद सापडली नाही" आणि "रद्द केले आहे" यांत फरक आहे, आणि तपासणाऱ्याला तो कळला पाहिजे.

लग्नानंतर नाव बदललं म्हणून नवं प्रमाणपत्र मागायला पुष्कळ जणी येतात. मी तरी देऊ नये म्हणतो. शिकताना जे नाव होतं तेच खरं. बदललेलं नाव गॅझेट किंवा विवाह नोंदणीच्या दाखल्याने जोडता येतं.

सुरू करण्याआधी

जुन्या विद्यार्थ्यांना कोड द्यायचे असतील तर वहीत जेवढं आहे तेवढंच भरा. तास लिहिलेले नसतील तर "नोंद नाही" असं लिहा, अंदाजाने ९० टाकू नका. रजिस्टराची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा ती प्रत खरोखर उघडून बघा.

आणि पहिलं प्रमाणपत्र देण्याआधी एक दुपार मोडतोडीला काढा. स्वतःच्या नावाचं नमुना प्रमाणपत्र बनवा. फोनवर त्याचं नाव बदला, क्यूआर तसाच ठेवा, आणि तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या एखाद्या दुकानदाराला दाखवून म्हणा, "काका, हे खरं आहे का बघता?" काकांनी स्कॅन करून, पान बघून "हो, बरोबर आहे" म्हटलं, तर पानावर नाव पुरेसं मोठं नाही. ते मोठं करा आणि दुसऱ्या दुकानात जा.